सभेतील कर्णबधिर सहकारी : दुभाषी, पडद्यावरील लेखन आणि बोलण्याची पाळी

पाठाचा हेतू

केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत, मुख्याध्यापकांच्या मासिक सभेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या बैठकीत क्वचित एखादा सहकारी कर्णबधिर असतो. त्याच्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी आणला, पडद्यावर बोलण्याचे लेखन उमटविण्याची सोय केली, म्हणजे सर्व कार्य झाले अशी सभेची समजूत होते. परंतु एवढी सोय होऊनही तो सहकारी सभेतून काही न बोलताच परत जातो, असे पुष्कळदा घडते. याचे कारण साधनांच्या अभावात नसते, सभेच्या गतीत असते. ते कारण कोणते, व सभेच्या अध्यक्षाने आणि सभासदांनी त्यावर कोणती उपाययोजना करावी, हे प्रस्तुत पाठात एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

ओठांवरून किती कळते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्णबधिर व्यक्तीसमोर सावकाश व स्पष्ट बोलले की तिला ओठ पाहून सर्व कळते, असे मानले जाते. वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकास या समजुतीची परीक्षा सहज घेता येईल. प, फ, ब, भ, म हे पाचही वर्ण ओष्ठ्य आहेत. पाचांच्याही उच्चारात ओठ मिटतात व उघडतात. त्यांतील भेद श्वासाचा, नादाचा व नाकावाटे जाणाऱ्या हवेचा असून त्यांपैकी काहीही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पान’, ‘भान’ व ‘मान’ हे शब्द उच्चारले, तर तिन्ही वेळा आरशात एकच चित्र दिसते. क, ख, ग, घ हे कंठ्य वर्ण तर तोंडाच्या आत मागील बाजूस उत्पन्न होतात. ‘काल’, ‘खाल’ व ‘गाल’ यांतील भेद ओठांवर उमटतच नाही. जाणकार कर्णबधिर व्यक्ती संदर्भाच्या साहाय्याने पुष्कळ काही ताडते हे खरे. परंतु ते ताडणे आहे, ऐकणे नव्हे. समोरासमोरच्या एका माणसाशी बोलताना ते काही अंशी साधते. वीस-पंचवीस जणांच्या सभेत, जेथे पुढील वक्ता कोण हे कळेपर्यंत त्याचे अर्धे वाक्य संपलेले असते, तेथे त्याचा निभाव लागत नाही.

साधन कोणते निवडावे?

सर्व कर्णबधिर व्यक्तींना एकच साधन उपयोगी पडत नाही. ज्यांचे बालपण कर्णबधिर मित्रांच्या संगतीत गेले त्यांची सहजभाषा बहुधा भारतीय सांकेतिक भाषा असते. ती मराठीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. ‘काय’, ‘कोठे’, ‘कोण’ हे प्रश्नवाचक शब्द तिच्यात सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतात आणि प्रश्नाचा अर्थ भुवयांच्या व चेहऱ्याच्या हालचालींनी दाखविला जातो. अशा व्यक्तीला लिखित मराठी ही दुसरी भाषा असू शकते. तिला पडद्यावरील भरभर सरकणारे लेखन वाचण्यापेक्षा दुभाषी अधिक सोयीचा होतो.

याच्या उलट, नोकरीची वीस वर्षे झाल्यावर ज्यांची श्रवणशक्ती गेली असे शिक्षक असतात. त्यांची भाषा मराठीच राहते. त्यांना सांकेतिक भाषा येत नाही व दुभाषी समोर बसविल्याने त्यांचा काही लाभ होत नाही. त्यांना लेखन हवे असते. श्रवणयंत्र असले तरी मीटर-दोन मीटरच्या पलीकडे, घरघरणारे पंखे व घुमणारी खोली यांत ते फारसे साहाय्य करीत नाही; कारण यंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करते. तेव्हा पहिली पायरी हीच की, आपणास कोणती सोय हवी हे त्या सहकाऱ्यालाच सभेपूर्वी लेखी विचारावे. कित्येकांना दोन्ही साधने एकत्र हवी असतात, आणि तसे मागणे अवाजवी नाही.

ही सोय उपकार म्हणून करावयाची नसून ते कार्यालयाचे कर्तव्य आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या विसाव्या कलमानुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयीसुविधा पुरविल्या पाहिजेत. त्याच कलमात, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करता येणार नाही किंवा त्याचा हुद्दा उतरविता येणार नाही, असेही सांगितले आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह दूरदृश्य पद्धतीने उपस्थित राहिल्या व न्यायालयाने त्यास अनुमती दिली. जे सर्वोच्च न्यायालयात चालते ते केंद्रशाळेच्या खोलीतही चालण्यासारखे आहे.

खरी अडचण : काही सेकंदांचा विलंब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दोन माणसे बोलत असता एकाचे बोलणे संपल्यावर दुसरा किती वेळाने बोलू लागतो? जगातील दहा भाषांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न व उत्तर यांमधील सरासरी अंतर सुमारे एक पंचमांश सेकंद आढळले. भाषेभाषेत थोडा फरक होता, पण तो फरकही सेकंदाच्या अंशातच होता. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपत येत असतानाच ऐकणारा आपले उत्तर जुळवून ठेवतो व तत्क्षणी बोलू लागतो.

दुभाषी मात्र वाक्याचा अर्थ लक्षात आल्याशिवाय त्याचे भाषांतर करू शकत नाही. म्हणून तो वक्त्याच्या मागे काही सेकंद राहतो, आणि राहिलाच पाहिजे. शब्दाला शब्द लावीत जो तत्काळ हात हालवितो तो भाषांतर करीत नसतो. पडद्यावरील लेखनाचीही हीच गत आहे. बोललेला शब्द अक्षरांत उमटून वाक्य स्थिर होईपर्यंत दोन-चार सेकंद सहज जातात. एकीकडे एक पंचमांश सेकंदात पाळी हिसकावून घेणारी सभा, आणि दुसरीकडे तीन-चार सेकंदांनंतर वाक्य पूर्ण होणारा सहकारी. या दोहोंच्या शर्यतीत कर्णबधिर सहकारी प्रत्येक वेळी हरतो. तो हात वर करतो तेव्हा विषय पुढे गेलेला असतो. दुभाषी कितीही निष्णात असला तरी हा विलंब नाहीसा होणार नाही. सभेनेच थांबायला शिकणे हा यावरील एकमेव उपाय होय.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. ऐकणारा मनुष्य कानांनी बोलणे ऐकतो, डोळ्यांनी तक्ता पाहतो व हाताने टिपण घेतो. कर्णबधिर सहकाऱ्यास ही तिन्ही कामे एकट्या डोळ्यांकडून करून घ्यावी लागतात. तक्त्याकडे पाहिले तर दुभाषी सुटतो, वहीत लिहिले तर दोन्ही सुटतात.

एक उदाहरण

एका केंद्राची मासिक शिक्षण परिषद डोळ्यांपुढे आणू. चोवीस जण जमले आहेत. त्यांत एक विशेष शिक्षिका आहेत. त्या लहानपणापासून कर्णबधिर असून सांकेतिक भाषा वापरतात, केंद्रातील शाळांना भेटी देतात व विशेष गरजा असलेल्या बालकांकडे पाहतात. त्यांच्यासमोर दुभाषी बसलेला आहे. विषयपत्रिकेवरील तिसरा विषय आहे, श्रवण तपासणी शिबिरास पाठवावयाच्या मुलांची यादी.

केंद्रप्रमुख अकरा नावे वाचतात व म्हणतात, “ही यादी पंचायत समितीकडे पाठवू. कोणाची हरकत? नाही. मंजूर. आता चौथा विषय.” हे सर्व काही सेकंदांत उरकते. ‘मंजूर’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा दुभाष्याचे हात अकराव्या मुलाच्या नावावर असतात. ‘कोणाची हरकत?’ हा प्रश्न बाईंपर्यंत पोचतो तेव्हा चौथ्या विषयावर एक मुख्याध्यापक बोलू लागलेले असतात. बाई हात वर करतात. त्यांना त्या मुख्याध्यापकांच्या विषयावर बोलावयाचे आहे असे समजून केंद्रप्रमुख खुणेने ‘थांबा’ म्हणतात. पाळी येते तेव्हा यादीचा विषय बंद झालेला असतो, व मागे वळणे बाईंनाच संकोचाचे वाटते.

या सभेत हानी कोणाची झाली? बाईंना जे सांगावयाचे होते ते असे : तिसरीतील एक मुलगी वर्गात ‘दुर्लक्षी’ म्हणून ओळखली जाते, परंतु शिक्षक तिच्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा ती बरोबर उत्तर देते, आणि फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा चुकते. ही खूण कानांच्या तपासणीची गरज दाखविणारी आहे. ते नाव यादीत नव्हते व नंतरही गेले नाही. दोन सेकंदांच्या घाईने त्या मुलीचे एक शिबिर हुकले. सभेतील मौन म्हणजे संमती, ही आपल्या सभांची जुनी रीत आहे. परंतु ज्याच्यापर्यंत प्रश्नच पोचलेला नाही त्याच्या मौनाला संमती म्हणता येणार नाही.

सभेपूर्वीची तयारी

हीच परिषद पुढील महिन्यात नीट भरवावयाची झाल्यास तयारी निदान आठ दिवस आधी सुरू झाली पाहिजे.

दुभाष्यास विषयपत्रिका, वाचून दाखवावयाचे तक्ते व केंद्रातील सर्व शाळांची नावे पाठवावीत. याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. ज्या नावाला ठरलेली खूण नसते ते नाव बोटांनी अक्षरे दाखवून लिहावे लागते, व भारतीय सांकेतिक भाषेत ही अक्षरे सामान्यतः दोन्ही हातांनी दाखविलेली रोमन अक्षरे असतात. ‘पिंपळगाव’ हे नाव बोलण्यास अर्धा सेकंद पुरतो. बोटांनी ते दाखविताना दहा अक्षरे दाखवावी लागतात. अशी पाच गावे एका वाक्यात आली की दुभाषी दोन वाक्ये मागे पडतो. यासाठी सभेपूर्वी पंधरा मिनिटे बाई व दुभाषी यांनी एकत्र बसून प्रत्येक शाळेसाठी एक छोटी खूण ठरवून घ्यावी. शासकीय योजनांच्या आद्याक्षरी नावांचेही तसेच करावे.

तासाभराहून अधिक चालणाऱ्या सभेला दोन दुभाषी असावेत व त्यांनी सुमारे वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलावी. एका भाषेतून ऐकणे व त्याच वेळी दुसऱ्या भाषेत सांगणे हे मनाला अत्यंत थकविणारे काम आहे. थकलेला दुभाषी बोलणे थांबवीत नाही, तर न कळत गाळू लागतो, आणि गाळलेले कोणासच दिसत नाही. विसावा घेणारा दुभाषी रिकामा बसत नाही. सुटलेला शब्द किंवा आकडा तो काम करणाऱ्यास खुणेने पुरवितो. शिकलेले दुभाषी आपल्याकडे थोडे आहेत व तालुक्याच्या ठिकाणी दोन मिळणे कठीण जाते, हे खरे. एकच मिळाल्यास सभा लहान करावी व दर पंचवीस मिनिटांनी पाच-दहा मिनिटे थांबावी. दूरच्या शहरातील दुभाष्यास संगणकाच्या पडद्यावरून घेता येते. मात्र तेव्हा वक्त्याजवळ ध्वनिक्षेपक हवा, कारण खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या संगणकास मागच्या बाकावरचे बोलणे पोचत नाही, आणि जोडणी आदल्या दिवशी त्याच खोलीत तपासली पाहिजे.

थोड्याफार खुणा येणाऱ्या सहशिक्षकास दुभाषी म्हणून बसवू नये. तो स्वतः सभेचा सभासद आहे. त्याने भाषांतर करावे तर त्याचे मत राहून जाते, आणि मत मांडावे तर भाषांतर थांबते.

बैठक व्यवस्था

बाके एकामागे एक न मांडता घोड्याच्या नालेच्या आकारात मांडावीत, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा दिसतो. बाईंची पाठ खिडकीकडे असावी. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या तर समोरच्यांचे चेहरे व हात उजेडाच्या विरुद्ध काळे दिसतात. दुभाष्याने अध्यक्षांच्या शेजारी, साध्या रंगाच्या भिंतीपुढे बसावे, आणि पडदा किंवा फळा त्याच्याच बाजूस असावा. डोळ्यांना जितके कमी अंतर फिरावे लागेल तितके कमी सुटते. प्रकाशचित्रे दाखविताना खोलीत पूर्ण अंधार करू नये. दुभाष्यावर उजेड राहिलाच पाहिजे.

पडद्यावरील लेखन

हे लेखन दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार माणसाने टंकलिखित करण्याचा. येथे गणित ध्यानात घ्यावे. शासकीय परीक्षेतील मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटास ३० किंवा ४० शब्द असतो. सभेतील बोलणे मिनिटास शंभर शब्दांच्या वर जाते. म्हणजे सामान्य टंकलेखक बोललेल्याचा जेमतेम तिसरा हिस्सा लिहू शकतो. त्याने शब्दशः लिहिण्याचा हट्ट धरला तर तो मागे पडून मधले संपूर्ण परिच्छेद गमावतो. त्याने कोण बोलत आहे, काय म्हणत आहे व काय ठरले, एवढेच सार लिहावे, आणि ते सार आहे हे सर्वांस ठाऊक असावे.

दुसरा प्रकार भ्रमणध्वनीवरील आज्ञावलीचा. Live Transcribe या नावाची आज्ञावली २०१९ साली निघाली. ती मराठी बोलणे ऐकून अक्षरांत दाखविते. एक वक्ता जवळून, एकटा व स्पष्ट बोलत असेल तर तिचा चांगला उपयोग होतो. दोघे एकदम बोलले की ओळींचा गोंधळ होतो, व कोण बोलले हे ती सांगत नाही. व्यक्तींची व गावांची नावे, आद्याक्षरे आणि जवळच्या उच्चाराचे संख्याशब्द यांत ती हमखास चुकते. सर्वांत धोक्याची चूक नकाराची. ‘यादी पाठवू नये’ व ‘यादी पाठवून ये’ यांचा उच्चार जवळजवळ एकच आहे. अर्थ मात्र एकमेकांच्या अगदी उलट. अशी चूक वाचणाऱ्यास ओळखू येत नाही, कारण चुकीचे वाक्यही व्याकरणाने शुद्धच असते.

यावरून एक साधा नियम निघतो. आकडे, तारखा, नावे व निर्णय यांसाठी यंत्रावर कधीही विसंबू नये. ते फळ्यावर खडूने लिहावेत. एका सभासदास तेवढेच काम द्यावे. फळ्यावर लिहिलेले सरकून जात नाही, व ते पुन्हा पाहता येते.

बोलण्याची पाळी

सभा सुरू होताच अध्यक्षांनी पाच नियम वाचून दाखवावेत व सभा संपेपर्यंत ते पाळून घ्यावेत.

१. बोलू इच्छिणाऱ्याने हात वर करावा. अध्यक्षांनी नाव घेऊन हाताने त्याच्याकडे निर्देश केल्यावरच त्याने बोलावे. निर्देशामुळे कोणाकडे पाहावयाचे हे बाईंना वाक्य सुरू होण्यापूर्वी कळते.

२. वक्त्याने प्रथम आपल्या शाळेचे नाव सांगावे. दुभाषी व टंकलेखक यांनाही त्याचा उपयोग होतो.

३. एकाचे बोलणे संपल्यावर अध्यक्षांनी दुसऱ्याचे नाव लगेच घेऊ नये. दुभाष्याचे हात स्थिर होईपर्यंत, किंवा पडद्यावरील वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे. सेकंद मोजण्याची गरज नाही. हात खाली आले ही खूण पुरेशी आहे.

४. तक्ता दाखविल्यास किंवा कागद वाटल्यास अर्धा मिनिट सर्वांनी शांतपणे वाचावा व नंतरच त्यावर बोलावे.

५. कोणताही ठराव तोंडी मंजूर होणार नाही. तो फळ्यावर लिहावा, वाचावा, हात स्थिर होऊ द्यावेत, आणि मग हात वर करून मत घ्यावे.

बाई बोलतात तेव्हाही विलंब असतोच, मात्र उलट दिशेने. त्यांचे हात आधी थांबतात व दुभाष्याचा आवाज मागून संपतो. हात थांबले म्हणून कोणी मध्येच बोलू लागले तर बाईंचे शेवटचे वाक्य, जे बहुधा मुख्य वाक्य असते, तेच बुडते. दुभाषी ‘मला असे वाटते’ म्हणतो तेव्हा तो ‘मी’ बाईंचा असतो, दुभाष्याचा नव्हे. त्याला ‘त्यांना विचारा बरं’ असे सांगू नये. बाईंकडे पाहून “बाई, या यादीविषयी आपले मत काय?” असे थेट विचारावे. उत्तर येताना आवाज जरी दुभाष्याकडून येत असला, तरी दृष्टी बाईंकडे असावी. दुभाष्याचे मत विचारू नये, आणि ‘हे सांगू नका हं’ म्हणून त्याच्यासमोर काही बोलू नये. खोलीत जे बोलले जाते ते सर्व सांगणे हेच त्याचे काम आहे. लक्ष वेधून घ्यावयाचे असल्यास बाईंच्या दृष्टीच्या टप्प्यात हात हालवावा किंवा दिवा एकदा बंद-चालू करावा. पाठीमागून एकाएकी खांद्यावर हात ठेवू नये.

तीच सभा, पुन्हा

आता यादीचा विषय या नियमांनी चालवून पाहू. अकरा नावे आधीच फळ्यावर लिहिलेली आहेत. केंद्रप्रमुख म्हणतात, “यादी वाचा,” व अर्धा मिनिट थांबतात. नंतर विचारतात, “यात कोणाचे नाव घालावयाचे आहे काय?” ते दुभाष्याच्या हातांकडे पाहत थांबतात. तीन-चार सेकंदांनी हात खाली येतात. बाई हात वर करतात. केंद्रप्रमुख त्यांच्याकडे निर्देश करतात. बाई तिसरीतील मुलीविषयी सांगतात. दुभाष्याचा आवाज पूर्ण होईपर्यंत कोणी बोलत नाही. त्या शाळेचे मुख्याध्यापक हात वर करून म्हणतात, “मुलगी हुशार आहे, पण मन लागत नाही असे आम्ही समजत होतो.” पुन्हा हात स्थिर होतात. बाई एक प्रश्न विचारतात, “सर्दी झाली असता तिचे चुकणे वाढते काय?” वर्गशिक्षक आठवून होय म्हणतात. बारावे नाव फळ्यावर लिहिले जाते. ठराव वाचून हात वर करून मंजूर होतो.

या सर्वांस किती जादा वेळ लागला? प्रत्येक वक्त्यामागे तीन-चार सेकंद थांबणे आले. एका विषयावर पंधरा वेळा पाळी बदलली तरी ते एक मिनिटाहून अधिक होत नाही. तीन विषयांची सभा तीन-चार मिनिटांनी लांबते, आणि वाचण्यासाठी दिलेले अर्धे-अर्धे मिनिट धरले तरी पाच-सात मिनिटांपलीकडे जात नाही.

काही बिघडत असल्यास कसे ओळखावे?

बाई मान डोलावीत आहेत म्हणजे त्यांना कळत आहे, असे धरून चालू नये. वारंवार सर्वांस थांबविणे नकोसे वाटते म्हणून अनेक कर्णबधिर व्यक्ती मान डोलावतात. अधिक विश्वसनीय खुणा पुढीलप्रमाणे आहेत. वक्ता थांबल्यावरही दुभाष्याचे हात दीर्घकाळ चालूच असतील तर सभा फार वेगाने चालली आहे. दुभाषी पुढे झुकून पाहत असेल किंवा पुन्हा पुन्हा ‘कोण बोलले?’ असे विचारीत असेल तर दोघे एकदम बोलत आहेत. बाईंचे उत्तर मागील विषयाला धरून आले तर त्यांच्यापर्यंत प्रश्न उशिरा पोचत आहे. त्यांची दृष्टी दुभाष्यावरून उठून शेजाऱ्याच्या वहीकडे जात असेल तर भाषांतर तुटले आहे. आणि संपूर्ण सभेत त्या एकदाही आपण होऊन बोलल्या नाहीत, ही सर्वांत मोठी खूण होय.

‘बाई, समजले ना?’ असे सर्वांदेखत विचारणे मात्र टाळावे. त्याचे उत्तर नेहमी ‘होय’च येते, व सहकाऱ्यास विद्यार्थ्याच्या पंक्तीस बसविल्यासारखे होते. त्यापेक्षा प्रत्येक विषयाच्या शेवटी ‘काय ठरले’ हे दरवेळी निराळ्या सभासदास सांगावयास लावावे. सभेनंतर बाईंना एकटे गाठून, कोणत्या विषयावर धागा तुटला, एवढे विचारावे. सभेत त्यांना टिपण घेता येत नाही, म्हणून इतिवृत्ताची प्रत त्यांना त्याच दिवशी मिळावी.

एक मर्यादा शेवटी नमूद केली पाहिजे. पुष्कळ निर्णय सभेत होत नाहीत. ते चहाच्या वेळी व्हरांड्यात होतात व सभेत केवळ जाहीर होतात. तेथे पाळी नसते, फळा नसतो, आणि दुभाषीही विसाव्यास गेलेला असतो. चहाच्या वेळी कामाचे काही बोलणे निघालेच, तर ते पुन्हा सभेपुढे पहिल्यापासून मांडणे हे त्या बोलणाऱ्यांचे काम आहे.

चर्चेसाठी प्रश्न व कृती

१. आरशासमोर आवाज न काढता पाच शब्द उच्चारावेत व शेजाऱ्याने ते ओळखावेत. किती ओळखता आले, कोणत्या वर्णांत चूक झाली, याची नोंद करावी.

२. आपल्या केंद्रातील शाळांच्या नावांची यादी करून प्रत्येक नाव रोमन अक्षरांत लिहिल्यास किती अक्षरे होतात ते मोजावे, व दुभाष्यास पाठवावयाची शब्दसूची तयार करावी.

३. पुढील सभेत एका सभासदाने केवळ पाळ्या मोजाव्यात : किती वेळा एकाचे बोलणे संपण्यापूर्वी दुसरा बोलू लागला? किती ठराव ‘कोणाची हरकत नाही’ एवढ्यावर मंजूर झाले?

४. केंद्रात एकही कर्णबधिर सहकारी नसताना वरील पाच नियमांपैकी कोणते नियम तरीही चालू ठेवावेत? मागच्या बाकावर बसणारे व क्वचितच बोलणारे सभासद यांचा विचार करून उत्तर द्यावे.